पहिल्या भेटीतले प्रश्न आणि निरोप
जोडीदार शोधताना ठरलेल्या पहिल्या प्रत्यक्ष भेटीत विषय संपण्यापेक्षा अधिक वेळा घडते ते असे, की एका प्रश्नाचे उत्तर मिळताच दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला प्रश्न विचारला जातो आणि गप्पांना मुलाखतीचे रूप येते. समोरची व्यक्ती म्हणाली, "मी सध्या पोहायला शिकते आहे," तर लगेच "आणि भावंडे किती?" असे न विचारता, या वयात पाण्यात उतरावेसे का वाटले, पहिल्या दिवशी भीती वाटली का, हे विचारावे, मग काही शिकण्याचा स्वतःचा एखादा फसलेला प्रयत्न सांगावा, म्हणजे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. पगार, जुने संबंध आणि लग्नाची घाई हे विषय त्या दिवशी बाजूला ठेवलेलेच बरे. उत्तरे एका शब्दाची येऊ लागली आणि उलट प्रश्न येईनासे झाले, की विषय बदलून पाहावा. तरीही तसेच चालले, तर निघण्याची वेळ झाली असे समजावे.

निरोप सोपा व्हावा यासाठी भेट ठरवतानाच "माझ्याकडे तासभर आहे" असे सांगून ठेवावे. गप्पा रंगल्या तर वेळ वाढवता येतोच. उठताना खोटा फोन आल्याचे नाटक करू नये, कारण ते बहुधा ओळखू येते. पुन्हा भेटायचे नसेल तर "भेटू परत" हे सवयीचे वाक्य टाळून "तुमच्या पोहण्याच्या गोष्टी ऐकायला मजा आली, आता मी निघतो" एवढेच म्हणावे, आणि स्पष्ट नकार दुसऱ्या दिवशी दोन ओळींत कळवावा.