परतावा हा नफा नव्हे: रिफंड आणि पाकिटातले पैसे बचतीकडे वळवायचा एक साधा नियम

मराठीत ‘परतावा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. म्युच्युअल फंडातून मिळतो तोही परतावा आणि प्राप्तिकर खात्याकडून येतो तोही परतावा. पहिला नफा असतो. दुसरा म्हणजे आपल्याच पगारातून वर्षभर जास्त कापले गेलेले आणि आता परत आलेले पैसे. ऑगस्टमध्ये ‘रिफंड जमा झाला’ असा मेसेज आला की आपण मात्र त्याला पहिल्या अर्थानेच घेतो. वरचे पैसे आले, आता काहीतरी घेऊया.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या सवयीला ‘मेंटल अकाउंटिंग’ म्हटलं. आपण त्याला मनातली खातेवही म्हणू. पैसा कुठूनही आला तरी पाचशेची नोट पाचशेचीच असते. तरीही मन प्रत्येक रकमेवर चिठ्ठी लावतं: हा घामाचा, हा आयता, हा मुलांचा, हा दिवाळीचा. मग चिठ्ठीप्रमाणे खर्च होतो. पगारातून दोन हजार काढताना चार वेळा विचार करणारा माणूस बोनसमधले दहा हजार एका दुपारीत खर्चून येतो. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1950च्या दशकात जर्मनीकडून इस्रायलमधल्या अनेक कुटुंबांना नुकसानभरपाईच्या रकमा मिळाल्या. मायकेल लँड्सबर्गर यांनी 1966 साली त्यांच्या खर्चाचा अभ्यास मांडला. ज्यांना मोठी रक्कम मिळाली होती, त्यांनी तिच्या साधारण पाव भागाएवढाच जादा खर्च केला. ज्यांना लहान रक्कम मिळाली, त्यांचा जादा खर्च त्या रकमेच्या जवळपास दुप्पट निघाला. म्हणजे आलेले पैसे तर गेलेच, वर पदरचेही गेले. मोठ्या रकमेचं आपण नियोजन करतो. घात होतो तो पाच, दहा, वीस हजारांच्या रकमांनी, आणि रिफंड, ओवाळणी, आहेर बहुतेक वेळा याच मापाचे असतात.

घरातलं एक उदाहरण

माझी मावसबहीण नाशिकला असते. तिला एका वर्षी 23,400 रुपये रिफंड आला. गणपती तोंडावर होते, तिने 20,000चा टीव्ही घेतला आणि उरलेले पैसे मखर-मिठाईत गेले. त्याच महिन्यात तिच्या क्रेडिट कार्डावर 14,000 रुपये थकलेले होते आणि ती दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होती. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे सुमारे 490 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. मिळून साधारण 578 रुपये दर महिन्याला नुसते जात होते.

मी तिला विचारलं, “कार्ड का नाही भरलंस?” ती म्हणाली, “अगं, कार्ड मी पगारातून भरते. हे तर वरचे होते.” तिच्या हिशेबात काहीच चुकलेलं नव्हतं. चुकीची होती ती चिठ्ठी. ती वेडी नाही, उधळी तर अजिबात नाही. भाजीला दोन रुपयांची घासाघीस करणारी बाई आहे. म्हणूनच मला वाटतं की इथे ‘मन आवरा’ असं सांगून भागत नाही. पैसा आपल्या हातात येण्याआधीच त्याची वाट बदलावी लागते.

नियम: पाचातले चार

नियम एवढाच: पगाराबाहेरून आलेल्या प्रत्येक 5 रुपयांतले 4 बाजूला आणि 1 मोकळा. मोकळ्या रुपयाचा हिशेब कुणी विचारायचा नाही, नवऱ्याने नाही की सासूने नाही. हा एक रुपया मी मुद्दाम ठेवला आहे. सगळंच बचतीला टाकायचं ठरवलं की दुसऱ्या सणाला नियम मोडतो, आणि एकदा मोडलेला नियम परत बसवणं अवघड असतं.

खालची मर्यादा 1,000 रुपये ठेवा. त्याखालची ओवाळणी वगैरे सोडून द्या. मर्यादा दहा हजारांवर नेण्याचा मोह टाळा, कारण ज्या रकमा गळतात त्याच मग नियमाबाहेर राहतात.

पहिली पायरी: रिफंडचं दार बदला

पगाराच्या बँकेपेक्षा वेगळ्या बँकेत एक साधं बचत खातं ठेवा. त्या खात्याला पॅन जोडलेला हवा आणि नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं. हे खातं फोनवरच्या यूपीआय ॲपला जोडू नका. डेबिट कार्ड मिळालं तर ते पाकिटात न ठेवता कपाटात ठेवा.

मग प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये `My Bank Account` उघडा, हे खातं जोडा आणि पडताळणी होऊ द्या. ती पूर्ण झाली की `Nominate for Refund` या खात्यासाठी चालू करा आणि पगाराच्या खात्यासाठी बंद करा. विवरणपत्र भरताना बँकेच्या तपशिलात परताव्यासाठी हेच खातं निवडलं आहे ना, हे पुन्हा बघा. पडताळणी अडकली तर कारण बहुधा नावातल्या फरकात असतं, विशेषतः लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललेलं असेल आणि दुसरीकडे नसेल तर. हे काम विवरणपत्र भरण्याच्या महिनाभर आधी उरकलेलं बरं.

आता रिफंड आला तरी तो रोजच्या पैशांत मिसळत नाही. मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती वर्षातून एकदाच करायची असते आणि त्या वेळी समोर टीव्ही नसतो.

दुसरी पायरी: चार भाग कुठे जाणार, ते आधी लिहा

रिफंड येण्याआधी कागदावर क्रम लिहा. आधी क्रेडिट कार्ड किंवा हातउसने. ते फिटले की तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढा अडीनडीचा निधी. तोही भरला की मुदत ठेव, पीपीएफ किंवा तुमची जी दीर्घ मुदतीची गुंतवणूक असेल ती. सात टक्क्यांच्या ठेवीत 14,000 ठेवले तर महिन्याला सुमारे 82 रुपये मिळतात. तेच कार्डावर भरले तर 578 वाचतात. म्हणून कार्ड पहिलं.

बहिणीच्या 23,400ला हा नियम लावून बघू. पाचवा भाग 4,680 मोकळा. उरले 18,720. त्यातले 14,000 कार्डाला आणि 4,720 अडीनडीच्या निधीला. टीव्ही त्या गणपतीत आला नसता. पण पुढच्या महिन्यापासून ते 578 रुपये आणि कार्डाला जाणारी किमान रक्कम, दोन्ही पगारातच राहिले असते.

तिसरी पायरी: पाकिटांसाठी आहेराची वही

रोख भेटीचं काम जास्त अवघड, कारण त्यांना दार नसतं. वास्तुशांतीला, बारशाला, लग्नाला आलेली पाकिटं पर्समध्ये जातात आणि दुधवाल्यापासून रिक्षापर्यंत विरघळतात. महिन्याने विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

इथे आपली जुनी पद्धत कामाला येते. लग्नघरी आहेर लिहून घेणारा एक काका असायचाच. तो नाव आणि रक्कम लिहायचा, कारण तो आहेर उद्या त्यांच्या घरच्या कार्याला परत करायचा असतो. आहेर फुकट नसतो हे आपल्या आजीला कुठल्याही शास्त्राशिवाय माहीत होतं. तीच वही पुन्हा सुरू करा. पाकीट उघडताच नाव आणि रक्कम लिहा आणि पुढच्या सोमवारपर्यंत सगळी रोकड त्याच वेगळ्या खात्यात भरा.

आणि पुढचं: जे आहेर द्यायचे ते याच खात्यातून द्या. बहिणीच्या वास्तुशांतीला 31,500 रुपये जमले. 6,300 मोकळे ठेवून 25,200 तिने खात्यात भरले. पुढच्या मे महिन्यात तीन लग्नांचे आहेर तिने तिथूनच दिले, त्यामुळे त्या महिन्यात पगार तुटला नाही. दीड-दोन वर्षांच्या आहेरांना पुरेल एवढी रक्कम तिथे राहू द्या आणि बाकीची दुसऱ्या पायरीतल्या क्रमाने हलवा.

दोन अपवाद पाळा. मावशीने “याची साडी घे” म्हणून पैसे दिले असतील तर साडीच घ्या, तो तिचा शब्द आहे. आणि मुलांच्या हातावर ठेवलेले पैसे मुलांचेच, ते आपल्या हिशेबात धरू नका. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं 250 रुपयांत उघडता येतं, ओवाळणीला ते उत्तम घर आहे. करापुरतं एवढं लक्षात ठेवा: लग्नात वधूवरांना मिळालेल्या आणि जवळच्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटींवर कर नाही, पण एरवी मित्र-परिचितांकडून वर्षात 50,000पेक्षा जास्त मिळाले तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते.

नियम फसतोय हे कसं ओळखावं

एक खूण म्हणजे पैसे यायच्या आधीच ते खर्च होणं. जूनमध्ये विवरणपत्र भरताना दिसलेल्या आकड्यावर घरात मोबाइलही ठरतो, सहलही ठरते आणि सोफ्याचं कापडही. तीनही जणांनी एकाच रिफंडावर चिठ्ठी लावलेली असते. म्हणून तो आकडा घरात सांगताना फक्त पाचवा भाग सांगा.

दुसरी खूण लवकर दिसत नाही. पैसे ठेवीत गेले म्हणून मन निर्धास्त होतं आणि कार्डावर हात सैल सुटतो. रिफंडनंतरची दोन कार्ड-बिलं आदल्या दोन बिलांशेजारी ठेवून बघा. बिल वाढलेलं असेल तर बचत झालेलीच नाही, पैसे एका खिशातून दुसऱ्यात गेले आहेत.

मोठा रिफंड दरवर्षी येत असेल तर

मग चूक वरच्या अंगाला आहे. बहुधा गुंतवणुकीची किंवा घरभाड्याची कागदपत्रं ऑफिसात वेळेवर दिली गेली नाहीत, म्हणून कर जास्त कापला गेला. सरकार अशा रकमेवर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, पण रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तेही नाही, आणि मिळालेलं व्याज करपात्र असतं. कागदपत्रं वेळेत दिली की कपात कमी होते.

पण तेवढं करून थांबू नका. 23,400 म्हणजे महिन्याला 1,950 रुपये. ते पगारात आले की किराण्यात दिसेनासे होतात. काही घरांत रिफंड हीच वर्षाची एकमेव बचत असते, आणि कपात कमी करून तीही जाते. म्हणून ज्या महिन्यात हातात येणारा पगार वाढेल, त्याच महिन्यापासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाणारी 1,950ची आवर्ती ठेव त्या वेगळ्या बँकेत सुरू करा. बहिणीने तारीख 2 ठेवली आहे. तिचा पगार 1 तारखेला होतो.