ठरलेल्या पैशांत महिना : मेस, खाडे आणि दोन खाती

पुण्यात शिकायला आलेल्या बहुतेक मुलामुलींना घरून महिन्याच्या सुरुवातीला एक ठरावीक रक्कम येते, आणि महिन्याची वीस-बावीस तारीख आली की तिची ओढाताण सुरू होते. मीही अनेक वर्षे कॉट बेसिसवर राहून, मेसमध्ये जेवून आणि अभ्यासिकेत बसून याच चक्रातून गेलो आहे. माझ्या अनुभवात ही ओढाताण चैनीमुळे क्वचितच होते. महिन्याचा हिशेब मांडतानाच काही खर्च धरायचे राहून जातात आणि तेच पुढे अंगावर येतात. म्हणून येथे एक हिशेब शेवटपर्यंत मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या भागातील दर त्यांच्या जागी घालावेत.

समजा, घरून 10,000 रुपये येतात. कॉटचे भाडे 3,000, दोन वेळच्या मेसचे 3,200 आणि अभ्यासिकेचे 1,000 असे 7,200 रुपये पहिल्या आठवड्यातच जातात. उरलेले 2,800 रुपये खर्चायला मोकळे आहेत असे वाटते, पण तसे नसते. मोबाइलचे रिचार्ज आणि खोलीच्या वीजबिलातला आपला वाटा मिळून 450 रुपये धरावे लागतात. (28 दिवसांचे रिचार्ज मारणाऱ्याला वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.) पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडधोड देतात आणि रात्री बंद असतात. त्या रात्रीच्या बाहेरच्या जेवणाचा खर्च कोणीच हिशेबात धरत नाही. एका जेवणाचे 70 रुपये धरले, तरी पाच रविवार आलेल्या महिन्यात तो 350 रुपये होतो. म्हणजे हातात 2,000 रुपये उरतात.

यातूनही दरमहा 600 रुपये बाजूला काढणे मला अत्यावश्यक वाटते, कारण परीक्षा शुल्क, दिवाळीला गावी जाण्याचे भाडे, चष्मा, औषधपाणी हे खर्च महिन्याला येत नसले तरी वर्षाला हमखास येतात. ते ज्या महिन्यात येतात त्या महिन्यात उसनवारी करावी लागते आणि तिची भरपाई पुढचे दोन महिने खाते. उरलेल्या 1,400 रुपयांचे आठवड्याला 300 प्रमाणे चार भाग करावेत आणि 200 रुपये महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी ठेवावेत. चहा, नाश्ता, झेरॉक्स, साबण, बसचे तिकीट हे सारे या 300 रुपयांत बसवायचे असते. रक्कम लहान वाटेल, पण ती आठवड्याची असल्यामुळे चुकले तर गुरुवारीच कळते आणि सावरायला तीन दिवस मिळतात. महिन्याच्या एकरकमी हिशेबात ही सूचना फार उशिरा मिळते.

आता मेसकडे वळू, कारण भाडे आपल्या हातात नसते, पण मेसचा व्यवहार बऱ्याच अंशी असतो. तीस दिवसांच्या महिन्यात चार रविवारच्या रात्री वगळल्या तर 56 जेवणे होतात, आणि 3,200 रुपयांत एक जेवण साधारण 57 रुपयांना पडते. हा दर सगळी जेवणे झाली तरच खरा असतो. मेस लावताना खाड्याचा नियम नीट विचारून घ्यावा. बहुतेक ठिकाणी एखाद-दुसऱ्या वेळेचा खाडा धरत नाहीत. सलग तीन किंवा अधिक दिवस जाणार असाल आणि आदल्या दिवशी सांगितले असेल, तरच तेवढे दिवस पुढच्या महिन्यात जोडून देतात. काही मेस पैसे परत न देता फक्त दिवस वाढवून देतात. त्यामुळे सुट्टी लागण्याच्या तोंडावर नवा महिना सुरू करू नये, जुन्या महिन्याचे उरलेले दिवस संपवून घ्यावेत.

बऱ्याच मेसमध्ये कुपनाचीही सोय असते आणि कुपनाचे जेवण महाग पडते असे आपण गृहीत धरतो. समजा, कुपनाचे जेवण 70 रुपयांना आहे. एखादी विद्यार्थिनी महिन्यातून दोनदा गावी जाते आणि प्रत्येक वेळी तिची पाच जेवणे चुकतात. शिवाय आठवड्यातून एका दुपारी प्रॅक्टिकल लांबल्यामुळे मेसची वेळ टळते, ती चार जेवणे वेगळी. तिची 56 पैकी 42 जेवणेच होतात. कुपनांनी त्यांचे 2,940 रुपये झाले असते, म्हणजे महिन्याच्या मेसपेक्षा 260 रुपये कमी. या दरांत 45 किंवा त्याहून कमी जेवणे होत असतील तर कुपन स्वस्त पडते, 46 पासून पुढे महिना. म्हणून पहिला महिना कॅलेंडरवर प्रत्येक जेवणाची खूण करावी आणि मगच ठरवावे. कुपनांची मुदत मात्र विचारून घ्यावी, कारण मुदत संपलेली कुपने वाया जातात. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत देणाऱ्या मेसबाबत माझे मत सावध आहे. चव बिघडली, वेळ जुळेनाशी झाली किंवा मेसच बंद पडली, तर ते पैसे परत मिळवणे कठीण जाते.

आठवड्याचे 300 रुपये पाळायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड असल्यामुळे दहा-वीस रुपये जाताना जाणवत नाहीत, आणि एकाच खात्यात सगळी रक्कम दिसत असली की हात आखडत नाही. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला मार्ग दोन बचत खात्यांचा आहे. घरचे पैसे पहिल्या खात्यात यावेत आणि भाडे, मेस, अभ्यासिका तेथूनच जावी. दर सोमवारी 300 रुपये दुसऱ्या खात्यात वळवावेत आणि रोजच्या वापराचे यूपीआय फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडावे. हे खाते किमान शिलकीची अट नसलेलेच उघडावे, नाहीतर दंडातच पैसे जातील.

येथे शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. महाडीबीटीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि अनेक खाती असतील तर ज्या बँकेत आधारचे सीडिंग सर्वांत शेवटी झाले त्या बँकेत ती जाते. दुसरे खाते उघडताना फॉर्मवर सीडिंगची संमती नकळत दिली गेली, तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जमा होते आणि विद्यार्थी जुन्या पासबुकात तिची वाट पाहत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून कोणती बँक जोडलेली आहे ते पाहता येते. शिष्यवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला येत नसल्यामुळे ती महिन्याच्या हिशेबात मुळीच धरू नये. आली की बाजूला काढलेल्या 600 रुपयांच्या साठ्यात टाकावी.

खोलीच्या डिपॉझिटचाही हिशेब याच साठ्याशी जोडलेला आहे. डिपॉझिट देताना रक्कम, तारीख आणि सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, हे कागदावर लिहून घ्यावे आणि पैसे शक्यतो खात्यावरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. राहायला जाण्याच्या दिवशीच भिंती, पंखा, गादी, नळ यांचे फोटो काढून मालकांना पाठवावेत. रंगरंगोटीच्या नावाखाली कपात होते ती सोडण्याच्या दिवशी, आणि तेव्हा आपल्याजवळ हे फोटो व तो कागद असतील तरच बोलता येते. डिपॉझिट परत आले की ते नव्या खोलीसाठी लगेच लागते, म्हणून खोली बदलायची असल्यास जुन्या मालकांना सूचना देण्याची तारीख आणि नव्या जागेचे पैसे भरण्याची तारीख यांचा मेळ आधीच घालावा आणि मध्ये पडणाऱ्या दिवसांपुरती रक्कम घरी महिनाभर अगोदर सांगून ठेवावी.