डॉक्टरांची अकरा मिनिटं आणि आपली दोन

इंदूरमध्ये मराठी डॉक्टरांसाठी छोट्या व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहायला लागाल, तेव्हा व्हॉइस नोटच्या मधेच असं काही ऐकू येतं: "हां, तर ते पाकीट… मतलब लोक काय करतात, चिमूटभर काढतात, ग्लासात टाकतात, आणि वर मलाच सांगतात, डॉक्टर, दिलं ना! अरे दिलं, पण काय दिलं? पूर्ण पाकीट, पूर्ण एक लीटर. थांब हं, पेशंट आलाय…" विषय ओआरएसचा, नोट अकरा मिनिटांची. व्हिडिओ दोन मिनिटांचा, म्हणजे साधारण अडीचशे शब्द.

पहिल्यांदा ऐकताना दुप्पट वेग लावू नका. डॉक्टर बाई कुठे थांबतात, कुठे आवाज चढवतात, हे त्यात हरवतं, आणि पुढचं सगळं काम त्यावरच आहे.

खरा खड्डा पुढे आहे. हात आपोआप लिहितो, "पालकांनी ओआरएसचे संपूर्ण पाकीट एक लीटर पाण्यात मिसळावे." माहिती बरोबर, पण बाई त्यात उरल्याच नाहीत. 'मतलब' खोडून 'म्हणजे' करा, असं सांगणारे ज्येष्ठ इथे पुष्कळ भेटतील; पुण्याला काय वाटेल ही त्यांची काळजी. माझ्या मते त्यांचं ऐकू नये. इथल्या आया 'मतलब'च म्हणतात.

म्हणून सगळंच ठेवायचं असंही नाही. एकच गोष्ट दोनदा येते, ती दोन कारणांनी. शब्द सापडेना म्हणून आली, तर आवाज सैल पडतो आणि वाक्य लोंबकळतं, ती काढा. ठसवण्यासाठी आली, तर वेग कमी होतो आणि शब्द तुटक पडतात. "पूर्ण पाकीट, पूर्ण एक लीटर" यातला एकही 'पूर्ण' खोडू नका. बोलता बोलता स्वतःला दुरुस्त केलं असेल, तर नंतरचंच घ्या. मापाचं मात्र विचारूनच घ्या, कारण बाजारात दोनशे मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की ते औषध राहत नाही.

सगळ्यात चांगलं वाक्य बहुधा सातव्या-आठव्या मिनिटाला सापडतं. इथे ते होतं, "अरे दिलं, पण काय दिलं?" ते उचलून सुरुवातीला आणलं की मागचे 'ते', 'तेच', 'तर मग' अधांतरी होतात. 'ते पाकीट'च्या जागी 'ओआरएसचं पाकीट' घाला. एवढीच भर आपली.

मग बाईंना एकदा मोठ्याने वाचायला लावा. ओपीडी संपल्यावर दोन मिनिटं मिळतात, घाबरू नका. जिथे अडखळतील, ते वाक्य तुमचं आहे. आणि वाचताना चुकून वेगळंच बोलल्या, तर थांबवू नका, तेच लिहून घ्या. आमच्या बाई 'उरलेलं द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे' इथे अडल्या आणि म्हणाल्या, "काल केलेलं आज नाही द्यायचं, फेका ते!" स्क्रिप्टमध्ये तेच गेलं, फक्त चोवीस तासांचा आकडा पडद्यावर अक्षरांत टाकला.