झोळ पडलेल्या केबलची लांबी कशी काढावी

समजा हिंगोलीजवळ कयाधूच्या एका अरुंद पात्रावर पादचारी झुलता पूल टाकायचा आहे. दोन्ही खांब सारख्या उंचीचे, त्यांच्यातलं अंतर ३२ मीटर आणि मधोमध केबलचा झोळ ६ मीटर. खांबापासून खांबापर्यंत केबल किती लागेल?

पुलाचं वजन आडव्या अंतरावर सारखं वाटलेलं असेल, तर केबल अन्वस्ताचा म्हणजे पॅराबोलाचा आकार घेते. नुसत्या स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या तारेचा वक्र वेगळा असतो, तिथे हे गणित तंतोतंत लागू होत नाही.

सर्वांत खालचा बिंदू शून्य धरा. खांब x = 16 वर, उंची 6, म्हणून y = 3x²/128 आणि चढ y′ = 3x/64. दोन्ही बाजू सारख्या असल्याने अर्ध्या केबलची लांबी काढून दुप्पट करू:

```
S = 2 ∫ √(1 + (3x/64)²) dx,   x: 0 → 16
```

आधी u = 3x/64 घ्या. मग dx = (64/3) du, आणि u ची वरची मर्यादा 3/4 येते. वर्गमूळ मात्र अजून तसंच आहे. ते घालवण्यासाठी t = u + √(1+u²) घ्यायचं. याची खुबी अशी, की √(1+u²) − u बरोबर 1/t येतं. दोन्ही समीकरणांची बेरीज-वजाबाकी केली की वर्गमूळ आणि u, दोघंही t मध्ये मिळतात:

```
√(1+u²) = (t + 1/t)/2
u  = (t − 1/t)/2
du = (1 + 1/t²)/2 dt
```

गुणाकार केल्यावर उरतं ते इतकं साधं:

```
¼ ∫ (t + 2/t + 1/t³) dt
= ¼ [ t²/2 + 2 ln t − 1/(2t²) ]
```

लॉग आला तो मधल्या 2/t या पदातून. आता मर्यादा बदला. u = 0 ला t = 1, आणि u = 3/4 ला t = 3/4 + 5/4 = 2. किंमती घातल्या की 15/32 + (ln 2)/2, म्हणजे सुमारे 0.8153. त्याला 2 × 64/3 ने गुणलं की S ≈ 34.79 मीटर.

उत्तर पडताळून बघाच. खालच्या बिंदूपासून खांबाच्या टोकापर्यंत सरळ दोरी ताणली, तर दोन्ही बाजू मिळून ३४.१८ मीटर भरते. केबल त्याहून लांबच हवी. कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबलं, तर उत्तर २६.४ मीटर येतं, म्हणजे खांबांमधल्या अंतरापेक्षाही कमी! असं दिसलं की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

बरेच जण L(1 + 8f²/3L²) हे झटपट सूत्र वापरतात. L म्हणजे अंतर, f म्हणजे झोळ. इथे ते ३५ मीटर देतं, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर जास्त. झोळ ३ मीटर असता, तर हाच फरक सुमारे दीड सेंटिमीटरच राहिला असता. म्हणून झोळ खोल असेल तिथे लॉगचं सूत्रच वापरावं. खांबामागे अँकरपर्यंत जाणारी केबल या लांबीत धरलेली नाही, ती वेगळी मोजून मिळवा.