हायड्रोजनच्या वर्णरेषांची तरंगलांबी कशी काढावी: ऊर्जा पातळीपासून नॅनोमीटरपर्यंत

कमी दाबाचा हायड्रोजन भरलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की ती गुलाबी तेजाने उजळते, आणि तोच प्रकाश विवर्तन जाळीतून पाहिला की त्यात एक ठसठशीत लाल रेषा, एक निळसर हिरवी आणि जांभळ्या टोकाकडे आणखी दोन फिकट रेषा वेगळ्या होतात. यांतल्या लाल रेषेची तरंगलांबी शोधू गेल्यास कोठे ६५६.१, कोठे ६५६.३, तर कोठे ६५६.५ नॅनोमीटर असे आकडे आढळतात. हे तिन्ही आकडे योग्य गणितातून येतात. ते कसे येतात हे ज्याला उलगडले, त्याला अतिनील आणि अवरक्त भागांतल्या रेषाही खात्रीने काढता येतात, म्हणून या लेखात मुख्यतः या एकाच रेषेचा माग घेतला आहे.

पातळ्या मांडणे

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकते. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार n या क्रमांकाच्या पातळीची ऊर्जा अशी आहे:

E = −१३.६ ÷ n² (इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये)

पहिली पातळी −१३.६, दुसरी −३.४००, तिसरी −१.५११, चौथी −०.८५०, पाचवी −०.५४४ आणि सहावी −०.३७८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की इलेक्ट्रॉन अणूशी बांधलेला आहे आणि त्याला पूर्ण सोडवायला तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागेल. पातळ्यांमधले अंतर वर जाताना झपाट्याने कमी होते. पहिली आणि दुसरी यांत १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे, तर पाचवी आणि सहावी यांत जेमतेम ०.१७. रेषांच्या वेगवेगळ्या श्रेणी वर्णपटाच्या वेगवेगळ्या भागांत का पडतात, याचे सगळे उत्तर या एका गोष्टीत आहे.

फरक काढून तरंगलांबीकडे जाणे

इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरला की दोन्हींमधल्या फरकाएवढी ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. फोटॉनची ऊर्जा जितकी जास्त, तितकी त्याची तरंगलांबी कमी, आणि हे नाते इलेक्ट्रॉनव्होल्ट व नॅनोमीटर या एककांत फार सोयीचे होते:

λ = १२४० ÷ ΔE

लाल रेषा तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरताना निघते. फरक ३.४०० − १.५११ = १.८८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि १२४० ला त्याने भागले की ६५६.४ नॅनोमीटर मिळतात.

इथे एक सवय आताच लावून घ्यावी: मधल्या टप्प्यावर आकडे पूर्णांकित करू नयेत. हाच फरक १.९ धरला तर उत्तर ६५२.६ येते, म्हणजे जवळजवळ चार नॅनोमीटरची चूक होते. अवरक्त भागात हा प्रकार फारच नडतो, कारण तिथे एकमेकींच्या अगदी जवळच्या दोन संख्यांची वजाबाकी करायची असते. सहावीवरून पाचवीवर येणाऱ्या रेषेसाठी ०.५४ − ०.३८ = ०.१६ असे लिहिले तर तरंगलांबी ७७५० नॅनोमीटर येते, प्रत्यक्षात ती सुमारे ७४६० आहे. दोन दशांश स्थळे लिहून आपण काळजी घेतली असे वाटते, पण वजाबाकीनंतर हाती दोनच अंक उरलेले असतात.

म्हणून पातळ्यांची ऊर्जा वेगळी न काढता दोन्ही सूत्रे एकत्र करणे मला अधिक बरे वाटते:

λ = ९१.१७६ ÷ (१/n₁² − १/n₂²)

यात n₁ ही खालची पातळी, n₂ ही वरची आणि उत्तर नॅनोमीटरमध्ये. कंसातला भाग साध्या अपूर्णांकांत सोडवावा, दशांशात नव्हे. लाल रेषेसाठी १/४ − १/९ = ५/३६, म्हणून λ = ९१.१७६ × ३६ ÷ ५ = ६५६.४७ नॅनोमीटर. इथे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे आधी क्रमांकांची वजाबाकी करून मग वर्ग करणे. तसे केल्यास कंसात १ येतो आणि लाल रेषा थेट ९१ नॅनोमीटरवर, अतिनील भागात जाऊन बसते.

एका रेषेची तीन उत्तरे

९१.१७६ हा आकडा म्हणजे हायड्रोजनच्या रिडबर्ग स्थिरांकाचा व्यस्त. पुष्कळदा मात्र स्थिरांकांच्या तक्त्यात १.०९७३७ × १०⁷ प्रति मीटर हा आकडा दिलेला असतो. त्याचा व्यस्त ९१.१२७ नॅनोमीटर होतो आणि लाल रेषा ६५६.११ वर येते. तो स्थिरांक अणुकेंद्राचे वस्तुमान अनंत आहे असे मानून काढलेला असतो. वास्तवात प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असला तरी तोही किंचित हलतो, दोघे आपल्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, आणि त्यामुळे प्रत्येक पातळीची ऊर्जा सुमारे १८३७ भागांत एका भागाने कमी भरते. हायड्रोजनसाठी योग्य स्थिरांक १.०९६७८ × १०⁷ आहे. त्याने ६५६.४७ हे उत्तर येते, आणि ते निर्वात पोकळीतले आहे.

प्रयोगशाळेतले मापन मात्र हवेत होते. हवेचा अपवर्तनांक दृश्य भागात सुमारे १.०००२८ असल्यामुळे हवेतली तरंगलांबी तेवढ्या प्रमाणात कमी होते, आणि ६५६.४७ चे ६५६.२८ होतात. ६५६.३ हा परिचित आकडा इथून येतो. आपले उत्तर तक्त्याशी ०.२ नॅनोमीटरने जुळत नसेल, तर गणित पुन्हा तपासण्याआधी तक्ता हवेतला आहे की निर्वातातला, हे पाहावे.

१३.६ आणि १२४० हे दोन्ही आकडे जरा वर पूर्णांकित केलेले आहेत. नेमके आकडे १३.५९८ आणि १२३९.८४ आहेत. तरीही १२४० ÷ १३.६ केले की ९१.१७६ च मिळतात, कारण दोन्ही चुका जवळजवळ समान प्रमाणात असून एकमेकींना काटतात. हा योगायोग फार उपयोगी आहे, पण तो जोडीनेच वापरावा. एक आकडा नेमका आणि दुसरा ढोबळ घेतला, तर उत्तर ६५६.४ किंवा ६५६.५५ च्या आसपास सरकते.

इतर श्रेणी

आता खालची पातळी बदलायची, बाकी कृती तीच. खालची पातळी पहिली असेल तर लायमन श्रेणी मिळते. तिची पहिली रेषा दुसरीवरून पहिलीवर: कंसात ३/४, म्हणून ९१.१७६ × ४ ÷ ३ = १२१.५७ नॅनोमीटर. ही पूर्ण श्रेणी अतिनील भागात, १२१.६ आणि ९१.२ यांच्या मध्ये दाटलेली आहे. हवा हे किरण शोषून घेते, त्यामुळे त्यांचे मापन निर्वातातच होते आणि हवेच्या दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही.

खालची पातळी दुसरी असेल तर बामर श्रेणी. तिच्या रेषा निर्वातात ६५६.५, ४८६.३, ४३४.२ आणि ४१०.३ नॅनोमीटरवर येतात. ‘बामर म्हणजे दृश्य श्रेणी’ हे वाक्य मात्र अर्धेच खरे आहे. सातवीवरून दुसरीवर येणारी रेषा ३९७.१ वर, म्हणजे डोळ्याच्या क्षमतेच्या काठावर असते, आणि त्यापुढच्या सर्व रेषा अतिनील भागात ३६४.७ च्या मर्यादेकडे दाटत जातात.

तिसऱ्या पातळीवर संपणारी पाश्चेन श्रेणी अवरक्त भागात आहे. तिची पहिली रेषा चौथीवरून तिसरीवर: १/९ − १/१६ = ७/१४४, म्हणून ९१.१७६ × १४४ ÷ ७ = १८७५.६ नॅनोमीटर. चौथीवर संपणारी ब्रॅकेट आणि पाचवीवर संपणारी फुंड या श्रेणी आणखी पुढे जातात.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखावे

प्रत्येक श्रेणीला दोन टोके असतात. सर्वांत लांब तरंगलांबी लगतच्या पातळीवरून येणाऱ्या रेषेची आणि सर्वांत आखूड ही श्रेणीमर्यादा, म्हणजे ९१.१७६ × n₁². पाश्चेनसाठी ही मर्यादा ८२०.६ नॅनोमीटर आहे, तेव्हा पाश्चेनच्या रेषेचे उत्तर ८२०.६ आणि १८७५.६ यांच्या बाहेर पडले तर कुठेतरी चूक आहे. लायमन, बामर आणि पाश्चेन एकमेकींत मिसळत नाहीत. ब्रॅकेटची मर्यादा मात्र १४५८.८ असल्याने ती पाश्चेनच्या हद्दीत शिरते, आणि नुसत्या तरंगलांबीवरून श्रेणी सांगणे तिथे धोक्याचे ठरते.

दुसरी पडताळणी मला जास्त आवडते. तिसरीवरून थेट पहिलीवर उतरणे आणि तिसरीवरून दुसरीवर, मग दुसरीवरून पहिलीवर उतरणे, या दोन्ही वाटांनी एकूण ऊर्जा सारखीच बाहेर पडते. तरंगलांब्यांची बेरीज इथे चालत नाही, त्यांच्या व्यस्तांची चालते. १ ÷ ६५६.४७ = ०.००१५२३३ आणि १ ÷ १२१.५६८ = ०.००८२२५८. बेरीज ०.००९७४९१, आणि तिचा व्यस्त १०२.५७ नॅनोमीटर. लायमन श्रेणीची दुसरी रेषा सूत्राने काढली, म्हणजे ९१.१७६ × ९ ÷ ८, तरी हेच उत्तर येते.

उलट दिशेने: रेषेवरून पातळ्या

समजा, निर्वातातली १२८२.२ नॅनोमीटरची रेषा दिली आहे आणि ती कोणत्या दोन पातळ्यांमधली आहे हे शोधायचे आहे. प्रथम ९१.१७६ ÷ १२८२.२ = ०.०७१११ काढावे. हा कंसातला फरक आहे, म्हणून १/n₁² याहून मोठा असायलाच हवा. चौथी पातळी घेतली तर १/१६ = ०.०६२५ अपुरा पडतो, तेव्हा खालची पातळी पहिली, दुसरी किंवा तिसरी यांपैकीच असणार. दुसरी धरली तर ०.२५ − ०.०७१११ = ०.१७८८९ आणि n₂ = २.३६, जो पूर्णांक नाही. पहिली धरली तर n₂ = १.०४, तोही नाही. तिसरी धरली की ०.११११ − ०.०७१११ = ०.०४ आणि n₂ नेमका ५ येतो. रेषा पाश्चेन श्रेणीतली, पाचवीवरून तिसरीवर आलेली आहे. एकही पूर्णांक मिळाला नाही, तर रेषा अणुरूप हायड्रोजनची नसण्याची शक्यता विचारात घ्यावी. नळीत रेणुरूप हायड्रोजनही असतो आणि त्याच्या असंख्य फिकट रेषा लाल व पिवळ्या भागात पसरलेल्या दिसतात. त्यांना हे सूत्र लागू पडत नाही.

अणूच्या रेषांबाबतही या सूत्राला मर्यादा आहे. पुरेशा सूक्ष्म उपकरणातून लाल रेषा पाहिली तर ती एक नसून अगदी जवळजवळच्या रेषांचा गट आहे असे दिसते, आणि त्यांच्यातले अंतर नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. तेव्हा या गणितातून आलेल्या उत्तराचा तिसरा दशांश अंक फार विश्वासाने लिहू नये. केंद्राच्या वस्तुमानाचा परिणाम मात्र याहून कितीतरी मोठा आहे. ड्युटेरियमचे अणुकेंद्र प्रोटॉनच्या सुमारे दुप्पट जड असल्याने त्याची लाल रेषा साध्या हायड्रोजनच्या रेषेपासून ०.१८ नॅनोमीटरने आखूड बाजूला सरकलेली असते, आणि हॅरोल्ड युरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये बामर श्रेणीतल्या अशाच सरकलेल्या फिकट रेषांवरून ड्युटेरियम ओळखले.