स्टेटमेंटच्या फोटोतून दुहेरी खर्च शोधताना

बँकेच्या किंवा कार्डाच्या स्टेटमेंटच्या फोटोत दोनदा कापलेली रक्कम तारखेच्या क्रमात सहज निसटते.

1. गूगल लेन्सने मजकूर उचलून शीटमध्ये टाका. खर्चाची बेरीज स्टेटमेंटवरच्या एकूण खर्चाशी जुळवा. जुळली नाही, तर बहुधा 3 चा 8 झालेला असतो किंवा दशांशचिन्ह गळालेलं असतं.
2. रकमेनुसार क्रम लावा. 3 आणि 4 तारखेचे एकाच दुकानाचे 1,249 रुपये लगेच शेजारी येतात.
3. त्याच रकमेपुढे Cr असलेली नोंद शोधा. असेल तर पैसे परत आलेत.
4. बँकेकडे तक्रार करण्यासाठी उरलेल्या नोंदींची तारीख, छापलेलं नाव (स्पेलिंग विचित्र असलं तरी तसंच), रक्कम, संदर्भ क्रमांक आणि संशयाचं कारण लिहा.

मेट्रोची दोन तिकिटं खरीच असू शकतात. आधी एसएमएस पाहा.