डीएनएस बदललं, तरी साइट जुनीच दिसते? आधी हे तपासा

डोमेनचं डीएनएस बदललं की हमखास ऐकायला मिळतं, "२४ ते ४८ तास थांबा, प्रोपगेट होतंय." हा सल्ला देणाऱ्यांचा मला आता राग येतो. कारण काहीही कुठे पसरत नसतं. जगभरच्या डीएनएस सर्व्हरांनी जुनं उत्तर आपापल्याकडे साठवून ठेवलेलं असतं. त्याची मुदत संपली की ते पुन्हा विचारतात आणि नवं उत्तर घेतात. मुदत किती शिल्लक आहे हे मोजता येतं. आणि बदल चुकीच्या जागी केला असेल, तर महिनाभर थांबूनही काही होत नाही.

मी असाच दोन दिवस थांबलो होतो. मामेभावाचं लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान आहे, त्याची साइट नव्या होस्टिंगवर न्यायची होती. डोमेन जिथून घेतलं त्या पॅनेलमध्ये जाऊन मी ए रेकॉर्डमध्ये नवा आयपी टाकला, सेव्ह केलं, हिरवी खूण आली. रविवारी रात्री भावाचा फोन, "दादा, अजून जुनाच दिवाळी सेल दिसतोय." सोमवारी कळलं, की डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे साइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर, जुन्या होस्टिंगवाल्याचे होते. मी बदललेलं पान कुणी वाचतच नव्हतं! पॅनेल मात्र बदल करू देतं आणि चकार शब्द काढत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच: या डोमेनचं उत्तर द्यायचा अधिकार कोणाकडे आहे? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये विचारा. उदाहरणासाठी घेतलेल्या नावांच्या आणि आयपींच्या जागी तुमचे टाका. शेवटचा सर्व्हर डॉट कॉमच्या नोंदवहीचा आहे, त्यामुळे उत्तर थेट मुळातून येतं.

```
nslookup -type=ns example.com a.gtld-servers.net
```

इथे जे नेमसर्व्हर दिसतील, त्यांच्याच पॅनेलमध्ये बदल करायचा. दुसरीकडे केलेला बदल म्हणजे रिकाम्या घराच्या पत्रपेटीत टाकलेलं पत्र. बदल झाला, की त्याच नेमसर्व्हरला थेट विचारा:

```
nslookup example.com ns1.example.net
```

नवा आयपी, समजा `203.0.113.25`, आला तर तुमचं काम झालं. उरलंय ते फक्त जुन्या साठ्याची मुदत संपणं. इथेच जुना `198.51.100.7` आला तर थांबण्यात काही अर्थ नाही. रेकॉर्डच चुकलंय किंवा सेव्ह झालेलं नाही. ही एक तपासणी केल्याशिवाय कुणालाही "थांबा" म्हणू नका.

आता किती थांबायचं ते बघा. गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला विचारा:

```
nslookup -debug example.com 8.8.8.8
```

उत्तरात `ttl = 2140` असं दिसेल. हे सेकंद आहेत, म्हणजे जुनं उत्तर अजून पस्तीस मिनिटं चाळीस सेकंद तिथे राहणार. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलंत तर आकडा उतरलेला दिसतो. मध्येच वाढलेला दिसला तर घाबरू नका, त्या एका पत्त्यामागे अनेक सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाचा साठा वेगळा.

टीटीएल, म्हणजे ही साठ्याची मुदत, कमी करायचा असेल तर बदलाच्या आधी करा. तो ८६४०० असेल, तर निदान एक दिवस आधी ३०० करून ठेवा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही, कारण ज्यांनी जुनं उत्तर घेतलंय त्यांनी जुनी मुदतही सोबत घेतलेली असते.

नेमसर्व्हरच बदलत असाल तर खेळ वेगळा. डॉट कॉमच्या नोंदवहीतली मुदत १७२८०० सेकंद, म्हणजे पूर्ण ४८ तास, आणि ती तुमच्या हातात नाही. तो सल्ला इथूनच आला असावा. या काळात काही लोक जुन्या नेमसर्व्हरला विचारतील, काही नव्याला. म्हणून बदलाआधीच सगळी रेकॉर्डं नव्या जागी जशीच्या तशी उतरवा, मेल कुठे जायचं ते सांगणारं एमएक्ससुद्धा. ते विसरलात तर साइट छान चालते आणि ग्राहकांच्या मेल गायब होतात. जुनं होस्टिंग दोन दिवस तरी बंद करू नका.

सगळीकडे नवा आयपी येतोय आणि फक्त तुमच्याच लॅपटॉपवर जुनी साइट दिसतेय? विंडोजवर हे चालवा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा:

```
ipconfig /flushdns
```

तरीही तेच, तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. तिथे नवी दिसली, तर दोष बहुधा घरच्या राउटरच्या किंवा इंटरनेटवाल्याच्या साठ्यात आहे. भावाच्या दुकानात तसंच होतं: त्याच्या फोनवर मंगळवारी नवं पान आलं, गल्ल्यावरच्या संगणकावर राउटर बंद-चालू केल्यावर.